सात लाखांचा फोन आणि विसावी फेरी

एप्रिलमधली गोष्ट. माझा मावसभाऊ निफाडहून सकाळच्या एसटीने आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, आज फोन घ्यायचा. बावीस हजार आहेत. तू फक्त बरोबर चल." हे बावीस हजार त्याने द्राक्षाच्या हंगामात पॅकहाऊसवर पेट्या भरून जमवलेले. घरचा एक रुपया नाही. फोन हवा होता बीजीएमआयसाठी, कारण कॉलेजच्या संघात तो आहे आणि जुना फोन दुसऱ्या मॅचपासूनच अडखळायला लागतो. पैसे एकदाच खर्च होणार होते, म्हणून तो जरा घाबरलेलाही होता.

कॉलेज रोडच्या एका दुकानात काउंटरवर छापील कागद चिकटवलेला होता. फोनचं नाव, किंमत आणि पुढे ठळक अक्षरात एकच आकडा: अंतुतू इतके लाख. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा बघा, सात लाख वीस हजार. याच्या खालचे गेमिंगला घेऊच नका." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी पीएचडीत मोजमापाच्या वैधतेवर काम करते, म्हणजे एखादा आकडा जे मोजतो म्हणतो ते खरंच मोजतो का, हे तपासणं. त्यामुळे एवढा गुबगुबीत आकडा दिसला की माझा हात आधी खिशावर जातो. त्या दिवशी आम्ही फोन न घेताच परत आलो. पुढचे चार दिवस काय केलं ते इथे लिहितेय, कारण तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळताय त्यांना निर्देशांक कसा वाचायचा हे याहून स्वस्तात शिकायला मिळणार नाही.

(फोनची नावं मी देणार नाही. त्यांना अ, ब आणि क म्हणू. त्यांचे आकडे समजावण्यापुरते गोल करून घेतलेत. ते कोणत्याही मॉडेलचा निकाल म्हणून वापरू नका. चिपसेटची आणि जुन्या प्रकरणांची नावं मात्र खरी आहेत.)

पहिली गोष्ट म्हणजे अंतुतूचा एकूण आकडा ही बेरीज असते. त्यात चार भाग येतात: सीपीयू, जीपीयू, मेमरी आणि यूएक्स. मेमरीच्या भागात रॅमबरोबर स्टोरेजचा वेगही धरतात, म्हणजे फाइल किती झपाट्याने वाचली-लिहिली जाते ते. यूएक्समध्ये स्क्रोल करणं, चित्रं उघडणं, व्हिडिओ वाचणं असली कामं. आता दोन फोन घ्या.

फोन अ: सीपीयू २,३०,०००, जीपीयू १,३०,०००, मेमरी १,९०,०००, यूएक्स १,७०,०००. बेरीज ७,२०,०००.

फोन ब: सीपीयू २,००,०००, जीपीयू १,९५,०००, मेमरी १,३५,०००, यूएक्स १,४०,०००. बेरीज ६,७०,०००.

कागदावर अ पन्नास हजारांनी पुढे, म्हणजे साधारण साडेसात टक्के. पण गेममधली चित्रं काढणारा भाग, जीपीयू, ब मध्ये दीडपट आहे. अ ने आघाडी घेतली ती मुख्यतः वेगवान स्टोरेजच्या जोरावर. वेगवान स्टोरेजमुळे गेम लवकर उघडेल, मॅप लवकर लोड होईल. समोरून गोळ्या येत असताना फ्रेम टिकवायला त्याचा फारसा उपयोग नाही. दहावीच्या निकालात एकूण टक्के बघून गणिताच्या शाखेला मुलगा निवडावा, आणि टक्के मराठी नि चित्रकलेने वाढलेले निघावेत, तसं हे. मराठीचे गुण खोटे नसतात, पण आपला प्रश्न वेगळा होता.

म्हणून नियम सोपा: एकूण आकडा झाका, चार भाग वेगळे मागा. ॲपमध्ये ते दिसतातच, फक्त जाहिरातीत छापत नाहीत. आणि आवृत्ती बघा. अंतुतूची नवी आवृत्ती आली की गुणांचं मापच बदलतं. नवव्या आवृत्तीतला फोन आणि दहाव्या आवृत्तीतला फोन शेजारी ठेवले तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. दुकानातल्या कागदावर आवृत्ती लिहिलेली नव्हती. मी विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, अंतुतू म्हणजे अंतुतू." बरं.

इथे एक कबुली. मी आधी ठरवून टाकलं होतं की गेमिंग म्हणजे फक्त जीपीयू. भावाने मला दुरुस्त केलं. त्याच्यासारखे खेळाडू बीजीएमआय 'स्मूद' ग्राफिक्सवर खेळतात. गवत, सावल्या, पाण्याची चमक सगळं कमी करून टाकतात आणि फ्रेम रेट तेवढा वर नेतात. चित्र हलकं झालं की जीपीयूवरचा भार उतरतो आणि मग दर फ्रेमला कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली हा हिशेब करणारा सीपीयू आधी दमायला लागतो. हा हिशेब बराचसा एका मुख्य धाग्यावर चालतो. म्हणून अशा खेळाडूने गीकबेंचचा सिंगल-कोअर आकडाही बघावा. मल्टी-कोअरचा मोठा आकडा बघून हुरळू नये, आठही कोअर एका वेळी पूर्ण राबवणारे मोबाइल गेम फार नसतात. तेव्हा 'गेमिंगसाठी' हा शब्दसुद्धा मोघम आहे. कुठला गेम, कुठल्या सेटिंगवर, हे आधी लिहून काढलं नाही तर कुठला आकडा महत्त्वाचा हे ठरवताच येत नाही.

आता श्रेणी. दुकानदार, यूट्यूबवाले आणि माझा भाऊ तिघंही चिपसेटच्या नावातला आकडा बघून क्रम लावतात. सात म्हणजे सहापेक्षा मोठा, जेन ३ म्हणजे जेन २ पेक्षा चांगला. हे कुठे फसतं ते बघा. २०२३ च्या मार्चमध्ये क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ आणला. त्यात एक मोठा कॉर्टेक्स-एक्स२ कोअर आहे आणि ॲड्रिनो ७२५ जीपीयू. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ आला. त्यात मोठा एक्स कोअर नाहीच, चार कॉर्टेक्स-ए७८ आहेत आणि जीपीयू ॲड्रिनो ७१०. हाच ॲड्रिनो ७१० स्नॅपड्रॅगन ६ जेन १ मध्येही आहे. म्हणजे दोघांच्या नावात 'सात', दोघांच्या नावात 'जेन २', आणि नंतर आलेला चिपसेट आधीच्यापेक्षा पुष्कळ खालच्या पायरीवरचा. सगळा फरक 'प्लस' आणि 'एस' या अक्षरात दडलेला.

मीडियाटेकचा प्रकार आणखी गमतीचा. डायमेन्सिटी ६०८० हे नाव २०२३ मध्ये आलं. आत बघितलं तर तो २०२१ चा डायमेन्सिटी ८१०. तसंच ६०२० म्हणजे जुना ७००, आणि ७०५० म्हणजे जुना १०८०. चार आकडी नवी नावं आली तेव्हा जुन्या चिप नव्या पाट्या लावून दुकानात परत आल्या. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, चिप वाईट होत नाही. पण नावाच्या पाटीवरून वय आणि ताकद ठरवणाऱ्याचा अंदाज दोन वर्षांनी चुकतो. म्हणून श्रेणीचा तक्ता समोर आला की मी नावाऐवजी तीन गोष्टी शोधते: जीपीयूचं नाव, मोठे कोअर कुठले आणि किती, आणि चिप कितव्या नॅनोमीटरवर कुणाकडून बनवून घेतली. दोन चिपचं हे तिन्ही सारखं निघालं तर त्या एकच पायरीवर आहेत, मग नावं काहीही असोत.

इतकं केल्यावर अ यादीतून गेला. ब राहिला, आणि एक नवा उमेदवार आला: क. गंमत म्हणजे ब आणि क मध्ये चिपसेट एकच. अंतुतूचे चारही भाग जवळजवळ सारखे. ब सडपातळ, दिसायला देखणा. क जरा जाड, वजनदार, आणि आत उष्णता पसरवणारा मोठा व्हेपर चेंबर असल्याचं कंपनी सांगत होती. भावाचं मन अर्थातच ब वर. श्रेणीच्या कुठल्याही तक्त्यात दोघं एकाच ओळीत बसतात, कारण तक्ता चिपचा असतो, फोनचा नसतो.

इथे आम्हाला वेगळी चाचणी लागली. थ्रीडीमार्कची वाइल्ड लाइफ ही चाचणी एक मिनिट चालते. तिचाच स्ट्रेस टेस्ट प्रकार आहे: तेच एक मिनिटाचं दृश्य लागोपाठ वीस वेळा. शेवटी ॲप तीन आकडे देतं. सर्वांत चांगल्या फेरीचे गुण, सर्वांत वाईट फेरीचे गुण, आणि वाईटाला चांगल्याने भागून आलेली टक्केवारी, तिला स्टॅबिलिटी म्हणतात. गुणांचं फ्रेममध्ये रूपांतर सोपं आहे:

```
गुण = १६७ × सरासरी फ्रेम प्रति सेकंद
```

दुकानात वीस मिनिटं फोन कोण देणार? पण भावाच्या वर्गात दोन्ही मॉडेल निघाली. मुलांनी हौसेने फोन दिले. ब ची चांगली फेरी ५,००० गुणांची, वाईट ३,१०० ची. क ची चांगली ४,९००, वाईट ४,५५०. भागाकार करा: ब पहिल्या मिनिटाला सुमारे ३० फ्रेम काढत होता, शेवटी साडेअठरावर आला. क २९ वर सुरू होऊन २७ च्या आसपास थांबला. जाहिरातीत छापला जातो तो पहिल्या मिनिटाचा आकडा, आणि त्यात ब किंचित पुढेच होता! मॅच मात्र अर्धा तास चालते.

स्टॅबिलिटीच्या टक्क्यावरही एकट्यावर विसंबू नका बरं का. ब ६२ टक्के, क सुमारे ९३ टक्के, हे दिसायला छान. पण वर्गातल्या आणखी एका स्वस्त फोनला ९९ टक्के मिळाले. कारण त्याचे गुणच १,२५० होते, सात-साडेसात फ्रेम. त्याची चिप इतकी मंद की तापायचा प्रश्नच येत नाही. बैलगाडीचा वेगही घाटात फारसा पडत नाही. उलट एखादा महागडा फोन १५,००० वरून ९,००० वर घसरला तर स्टॅबिलिटी ६० टक्केच दिसेल, तरी तो क च्या दुपटीच्या जवळ राहील. म्हणून तिन्हींपैकी एकच आकडा बघायचा असेल तर वाईट फेरीचे गुण बघा. टक्का हे फक्त गुणोत्तर आहे, त्यात मूळ मोजमाप हरवतं.

चाचणी कुठे केली, हेही लिहून ठेवा. आमची पहिली फेरी मी रद्द केली, कारण ब नुकताच चार्जिंगवरून काढलेला होता आणि क बॅगेत थंड पडलेला. सुरुवातीचं तापमान सारखं नसेल तर तुलना कसली? फोनला यूएसबी डीबगिंग चालू करून लॅपटॉप जोडला की हे सहज दिसतं:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature` या ओळीसमोर अंशाचे दहावे भाग येतात. ३२५ दिसलं तर ३२.५ अंश. आम्ही दोन्ही फोन ३२ च्या आसपास येईपर्यंत थांबलो, कव्हर काढली, ब्राइटनेस सारखा केला आणि प्रत्येकी तीनदा चालवलं. एकदाच चालवून आलेल्या आकड्यात किती भाग फोनचा आणि किती योगायोगाचा हे कळत नाही. तीनदा चालवल्यावर निदान चढउताराचा पट्टा दिसतो, आणि दोन फोनमधला फरक त्या पट्ट्यापेक्षा मोठा आहे का हे विचारता येतं. आमच्याकडे वाईट फेरीतला फरक कितीतरी मोठा होता. चांगल्या फेरीतला शंभर गुणांचा फरक मात्र पट्ट्यात बुडून गेला, म्हणजे 'ब किंचित पुढे' हे मी वर लिहिलं तेही खरं तर म्हणता येत नाही.

खोलीच्या तापमानाचं गणित मला स्वतःला सगळ्यात आवडलं. फोनची पाठ हाताला चटका देऊ नये म्हणून कंपनी एक मर्यादा ठेवते. समजा ती ४३ अंश आहे. फोन बाहेर किती उष्णता टाकू शकतो हे ढोबळमानाने पाठीच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. एसी लावलेल्या २३ अंशांच्या खोलीत हा फरक २० अंश. नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली ३५ अंश असले तर फरक उरतो ८. म्हणजे फोनला सतत खर्च करता येणारी वीज एसीतल्या ४० टक्क्यांवर आली. फ्रेम मात्र ४० टक्क्यांवर येत नाहीत, कारण चिपचा वेग उतरवला की व्होल्टेजही उतरतं आणि वीज वेगापेक्षा जास्त झपाट्याने कमी होते. तरी घसरण होतेच. परीक्षण करणाऱ्याने बंगळुरूच्या एसी स्टुडिओत काढलेला आलेख निफाडच्या पत्र्याखालच्या खोलीत तसाच्या तसा लागू होणार नाही. आलेखाखाली खोलीचं तापमान लिहिलेलं नसेल तर मी तो अर्धवट धरते.

आता जरा संशयाकडे. हे सगळं गृहीत धरतं की चाचणी चालू आहे हे फोनला कळलं तरी तो नेहमीसारखाच वागेल. तसं नेहमी होत नाही. २०१३ मध्ये आनंदटेकने दाखवलं की गॅलेक्सी एस४ च्या एक्झिनॉस आवृत्तीत ठरावीक बेंचमार्क ॲप उघडली की जीपीयू ५३२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि नेहमीच्या गेममध्ये ४८० च्या वर जात नाही. फोनमध्ये ॲपच्या नावांची यादी होती. २०१८ चं प्रकरण तर प्रयोगरचना म्हणून वर्गात शिकवावं असं आहे. थ्रीडीमार्क बनवणाऱ्या यूएलने आपल्या चाचणीची एक खासगी प्रत तयार केली. काम तेच, पण स्टोअरवर नसलेली, त्यामुळे फोनला ओळखू न येणारी. हुआवेच्या काही फोनवर दोन्ही चालवल्या, तर सार्वजनिक प्रतीचे गुण ४७ टक्क्यांपर्यंत जास्त आले. एकच फोन, एकच काम, बदललं फक्त नाव. यूएलने पी२० प्रो, ऑनर प्ले वगैरे फोन आपल्या यादीतून काढले. औषधाच्या चाचणीत रुग्णाला गोळी खरी की साखरेची हे कळू देत नाहीत, तेच इथे फोनच्या बाबतीत केलं.

२०२२ मध्ये उलटा प्रकार गाजला. सॅमसंगची गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस गेम आणि इतर कित्येक ॲपचा वेग आवरून धरत होती, बेंचमार्क ॲपचा मात्र नाही. गीकबेंचने एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका आपल्या तक्त्यातून वगळल्या. बेंचमार्क फुगवला काय आणि बाकीचं दाबलं काय, तक्त्यात दिसणारी चूक एकाच दिशेची. खासगी प्रत आपल्याकडे नसते, पण खरा गेम असतो. त्याच्याशी ताडून बघणं एवढं आपल्या हातात आहे.

म्हणून शेवटी बीजीएमआय. पहिला धडा लगेच मिळाला: ९० फ्रेमचा पर्याय सेटिंगमध्ये दिसायचा की नाही हे गेम बनवणारे मॉडेलनुसार ठरवतात. चिप ताकदवान असूनही पर्याय बंद असेल तर गेम ६० वरच थांबतो आणि तुमचे सगळे लाख वाया. दुकानातल्या डेमो फोनवर किंवा मित्राच्या हातात आधी सेटिंग उघडून बघा, याला दोन मिनिटं लागतात.

दुसरा धडा सरासरीचा. फोनच्या गेम मोडमधला मीटर सेकंदाला किती फ्रेम आल्या ते दाखवतो. समजा एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १६ मिलिसेकंदांनी आल्या आणि एक फ्रेम २०० मिलिसेकंद अडकली. बेरीज बरोबर एक सेकंद, मीटर दाखवणार ५१. दुसऱ्या फोनवर ५१ फ्रेम सारख्या अंतराने आल्या, मीटर तिथेही ५१. पहिल्यावर मात्र त्या एका अडकलेल्या फ्रेममध्ये समोरचा भिंतीआडून आला आणि भाऊ बाद झाला. परीक्षणांत '१ टक्का लो' असा आकडा देतात तो यासाठीच, सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा वेग. तो सरासरीच्या फार खाली असेल तर फोन अडखळतो, सरासरी कितीही गोंडस असो.

आम्ही ब आणि क वर तीन-तीन मॅच खेळवल्या, दुपारी, पंखा चालू ठेवून. ब वर तिसऱ्या मॅचला मीटर साठवरून चाळिशीत हेलकावे खायला लागला. क वर किरकोळ डुगडुग होती, पण भावाने ती न विचारता सांगितली नाही, हे मला पुरेसं वाटलं.

त्याने क घेतला. एकवीस हजारात बसला, उरलेल्या हजारातून कव्हर घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, खेळताना ते काढूनच ठेवायचंय, तर कशाला? तरी घेतलंच त्याने. दुकानदाराने बिल करताना परत एकदा सांगितलं, "मॅडम, तो सात लाखवाला सोडून हा घेताय?"